गुदगुल्यांची कबुली

आमच्या घरात कोरा कागद कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. बाबा रेल्वेच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते आणि लखनौला मानक नगरच्या क्वार्टरमध्ये आमचं सगळं आयुष्य बाद झालेल्या नकाशांच्या पाठीवर लिहिलेलं होतं. डब्याच्या चाकाचा नाहीतर स्प्रिंगचा नकाशा चुकला, बदलला, जुना झाला, की तो बाबांच्या पत्र्याच्या लांब नळकांड्यात जाऊन बसायचा आणि शनिवारी घरी यायचा. पुढून रेघा, मागून कोरा. मागच्या बाजूला मी बाराखडी गिरवली, धाकट्या शैलूने गणितं सोडवली. पुस्तकांना कव्हरं त्याचीच, फळीवरच्या डब्यांखाली तेच, आणि होळीच्या आधी आई गच्चीवर मुगवड्या घालायची तीही त्यावरच. आमच्या नागपूरकडे वड्या धोतरावर घालतात, पण आईचं म्हणणं, "बाप्पा, धोतराला चिकटली तर काढता काढता जीव जाते. नकाशावर कशी पटकन सुटते!" लखनौत जन्म गेला तरी आईची बोली गावची गावातच राहिली. शैलूची मात्र पार बिघडली होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत. आई ओरडायची, "शैले, भाकर खाशील का पोळी?" शैलू आतून, "कुछ भी दे दो ना, मम्मी." "मम्मी" ऐकलं की आई लाटणं आपटायची.

रविवारी सकाळी दिव्यासमोर बुद्धवंदना व्हायची. बाबांचा आवाज जाडाभरडा, माझा बेसूर, आणि शैलूचा असा, की शेजारच्या श्रीवास्तव काकू हातातलं काम टाकून कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या. त्या आवाजाचं आम्हाला घरात काही अप्रूप नव्हतं. बाबांना अप्रूप तिच्या गणिताचं. "मी नकाशा काढतो, सही साहेब करतो. माझी पोरगी सही करणारी होईल," हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की बाबांनी "मी नकाशा" एवढं म्हटलं तरी उरलेलं आम्ही दोघी सुरात पूर्ण करायचो. बाबाही हसायचे. मी तत्त्वज्ञान घेतल्याने माझ्यावरची आशा त्यांनी आधीच सोडली होती. कोणी विचारलं तर म्हणायचे, "थोरली विचार करते." जसं एखाद्याला दम्याचा त्रास असावा!

तर मी एम.ए.ला होते आणि आमच्या नजमा मॅडमनी सेमिनार ठेवला. त्या दिवसांत रेडिओवर रोज सूचना यायची, बेवारस वस्तूंना हात लावू नका, ट्रान्झिस्टर दिसला तर उचलू नका. तोच धागा पकडून मॅडमनी विषय दिला: शहरात बॉम्ब ठेवलेला आहे, तासाभरात फुटणार, तो ठेवणारा माणूस तुमच्या ताब्यात आहे आणि बोलत नाही. त्याचा छळ करावा की नाही? एका बाजूने मांडायचं की छळ कधीच नाही, कोणत्याही कारणाने नाही. दुसऱ्या बाजूने की परिणाम एवढा भयंकर असेल तर अपवाद हवाच. चिठ्ठ्या टाकल्या. मला "कधीच नाही" आलं आणि सक्सेनाला "अपवाद". मी मनातून चरफडले. कारण खरं सांगते, माझं मत अपवादाचं होतं. एक बदमाश एकीकडे आणि हजार निरपराध माणसं दुसरीकडे, त्यात विचार कसला करायचा! मी मॅडमना म्हटलं, बाजू बदलून द्या. त्या म्हणाल्या, "बेटा, जो बात आपको आसान लगे, उससे आप सीखेंगी क्या?"

सक्सेना म्हणजे अस्सल लखनवी. वकिलाचा मुलगा, दारात कोणी आडवं आलं तर "पहले आप" म्हणत तास गमावणारा. कैद्याची नखं उपटण्याबद्दलसुद्धा तो "अगर उन साहब को थोड़ी तकलीफ़ देनी पड़े" असं बोलायचा. या नम्र माणसाशी भांडायचं कसं, हीच माझी पहिली अडचण.

दुसरी अडचण निबंध. मी महिनाभर लायब्ररीत बसून तो लिहिला. मुख्य मुद्दा असा, की ती बॉम्बची गोष्टच फसवी आहे. ती ऐकताना आपण एकामागून एक गोष्टी मुकाट मान्य करत जातो. बॉम्ब आहे हे नक्की. हाच माणूस तो, हे नक्की. त्याला ठिकाण माहीत आहे, हे नक्की. छळ केला की तो बोलेल, खरंच बोलेल, आणि वेळेत बोलेल. दुसरा मार्ग नाही. आणि हे एवढं एकदाच, पुन्हा नाही. खऱ्या जगात यातली एक गोष्टही नक्की नसते. पण गोष्टीतला कैदी दोषी म्हणून आपण हो म्हणतो आणि त्या होकारावर खऱ्या कोठडीत भलताच माणूस जातो. बाबांना मी हे रात्री जेवताना वाचून दाखवलं. ते भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "आणखी एक घाल. असलं काम आयत्या वेळी कोणालाही जमत नाही. त्याला हात बसलेला कारागीर लागतो. मग त्याने हात बसवला तो कोणावर?" मी तोंडात घास तसाच ठेवून वही आणायला पळाले. महिनाभर वाचलेल्या पुस्तकांपेक्षा तो मुद्दा सरस होता.

आई एवढंच म्हणाली, "पाच शीलं रोज म्हणता. त्यात 'शक्यतो' कुठी लिहिलं हाये काय?"

बाबांच्या कचेरीतल्या टायपिस्ट मिश्राजींनी मेहरबानी करून निबंध टाइप करून दिला. बावीस पानं, एका बाजूला टाइप केलेली. शनिवारी संध्याकाळी बाबांनी नळकांड्यातून काढून माझ्या हातात दिली. मी ती ट्रंकेवर ठेवून चार वेळा पाहून आले. सेमिनार सोमवारी अकराला. मॅडमचा नियम कडक होता, निबंध हातात नसेल तर बोलायचं नाही आणि त्या वर्षीचे सेमिनारचे गुण शून्य. गुण गेले की पहिला वर्ग गेला, आणि पहिल्या वर्गाशिवाय मला पुढे कोणी विचारणार नव्हतं. रविवारी वंदना झाली, कांदेपोहे झाले, मी ट्रंकेपाशी गेले तर पानं गायब.

संशय शैलूवर गेला, आणि त्याला कारण होतं. आदल्या दिवशी मी तिची ओढणी न विचारता नेली म्हणून ती म्हणाली होती, "देख लेना ताई, तेरा वो पेपर फाड़ के फेंक दूँगी." शिवाय सकाळपासून ती चोरासारखी वागत होती. माझ्या नजरेला नजर देत नव्हती, कॉलेजची पिशवी उशाखाली दाबून बसली होती. मी विचारलं, पेपर कुठे आहे? ती म्हणाली, "मुझे क्या पता." पण कान लाल. बहिणीचे कान लाल झाले की ती काहीतरी लपवते, हे मला तिच्या जन्मापासून माहीत. आता बघा मंडळी, माझ्याकडे सगळं जमलं होतं: बॉम्ब नक्की, गुन्हेगार नक्की, घड्याळ चालू.

शैलूला तळपायाला गुदगुल्या सहन होत नसत. नुसतं बोट दाखवलं तरी ती भिंतीला पाठ लावायची. मी तिला पलंगावर पाडलं, मांड्यांवर बसले (माझं वजन तेव्हाही काही कमी नव्हतं) आणि तळपाय धरला. ती किंचाळून हसायला लागली. "ताई छोड़! नहीं पता! कसम से!" मी म्हटलं, "टाकीत टाकलास ना?" हे मला सुचलं, कारण लहानपणी तिने माझी बाहुली पाण्याच्या टाकीत टाकली होती. ती म्हणाली, "हाँ हाँ, टंकी में!" मी धावत मागच्या अंगणातल्या टाकीपाशी गेले, झाकण काढलं, काठीने ढवळलं. पाच-सहा बादल्या उपसल्या. काही नाही. परत आले तेव्हा पाऊण तास गेला होता.

पुन्हा तेच. "रद्दीवाल्याला दिलास?" "हाँ, दे दिया!" मी बाबांची सायकल काढून आलमबागपर्यंत रद्दीवाल्याच्या मागे गेले. त्या बिचाऱ्याने भर रस्त्यात सगळं पोतं उलटं करून दाखवलं आणि वर पाणी विचारलं. तिथेही नाही. परत आले ती घामाने डबडबलेली आणि भडकलेली. आज हसू येतं, पण तेव्हा मला एवढं साधं दिसलं नाही, की तिच्या तोंडातून निघत होतं ते आधी माझ्याच तोंडातलं होतं. तिने नवं काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारत होते आणि ती पाय सोडवून घेत होती.

तिसऱ्या खेपेला मी काही सुचवलं नाही. नुसतं म्हटलं, "खरं सांग, काय लपवतेस?" आणि सोडलं नाही. ती हसत होती, हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी कसलं आहे हे मला कळेना. ती एकदम ओरडली, "इंजिनियरिंग का फॉर्म नहीं भरा मैंने! तारीख निकल गई! गाने के कॉलेज में भरा है! बस? हो गया?"

मी हात सोडला. दारात बाबा उभे होते. रविवारची दाढी चालली होती, अर्ध्या गालावर साबण तसाच. ते आत गेले, उरलेली अर्धी दाढी केली, आणि दुपारी भूक नाही म्हणून जेवायला बसले नाहीत. भाकरीला नाही म्हणणारे बाबा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. शैलू उठून बसली, ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं, पिशवी उघडून माझ्यासमोर उलटी केली. गाण्याच्या वह्या. सहा महिने ती मैत्रिणीच्या घरी रियाज करत होती. तिने सगळं ठरवलं होतं. बुद्धपौर्णिमेला कॉलनीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर गायचं, बाबा खूश झाले की तिथेच पाया पडून सांगायचं. "मैं बताने वाली थी," ती म्हणाली. "मैं खुद." मला तिच्याकडे बघवेना.

चार वाजता आई गच्चीवरून हाक मारायला लागली, "सुले, वड्या काढू लाग व!" मी मेल्यासारखी वर गेले. उन्हात ओळीने कागद पसरलेले, कोपऱ्यांवर विटांचे तुकडे, आणि प्रत्येकावर पाच रांगांत पाच पाच मुगवड्या. एक कागद वाऱ्याने थोडा उचलला गेला आणि खालून मिश्राजींचं टाइपिंग दिसलं. छळ, पान सात. आईला इंग्रजी येत नव्हतं. ट्रंकेवर नळकांड्याशेजारी मागून कोरे कागद दिसले, तिने नेहमीसारखे उचलले. मी दिवसभर खाली बोंबलत होते ते काय म्हणून, असं तिला विचारलं तर म्हणे, "तू 'पेपर, पेपर' करून राहिली होती. मले वाटलं, परीक्षेचा पेपर फुटला." साऱ्या घराची झडती झाली, टाकी उपसली, आलमबाग पालथं घातलं, आणि आईला, जिच्याकडे पानं होती, तिला कोणी नीट विचारलंच नव्हतं. तिचा संशयच आला नाही ना!

सोमवारी मी ते बावीस कागद घेऊन उभी राहिले. प्रत्येकावर पंचवीस पिवळे डाग, चार-दोन वड्या सुटल्याच नाहीत त्या तशाच. वर्ग हसला. मॅडमनी पान हातात घेतलं, नखाने एक वडी काढली, वास घेतला आणि म्हणाल्या, "हींग अच्छी है. शुरू कीजिए." मी निबंध वाचला. मग कागद खाली ठेवून, नाव न घेता, एका घरातली टाकी आणि रद्दीवाला सांगितला. मॅडमनी लगेच बजावलं, की गुदगुल्यांना छळाशेजारी बसवाल तर कोठडीत हाडं मोडलेल्या माणसाचा अपमान कराल. मी म्हटलं, मान्य, मोजमाप वेगळं आहे, मी फक्त यंत्र कसं चालतं ते दाखवते आहे. छळाखाली माणूस खरं बोलत नाही, ज्याने छळ थांबेल ते बोलतो. आणि घड्याळ चालू असताना तर कैद्याचंच फावतं. प्रत्येक खोटं तपासायला पाऊण तास जातो, त्याला तासभरच तर काढायचा असतो.

सक्सेना उठला, मला वाकून दाद दिली. "क्या बात कही आपने. पण मला अदालतीत गुन्हा सिद्ध करायचा नाही, नुसता बॉम्ब शोधायचा आहे. चार खोट्यांनंतर पाचवं खरं निघालं तरी चालेल. आणि समजा, मी तुम्हाला सगळंच बहाल करतो. बॉम्ब आहे, हाच माणूस आहे, आणि तो पहिल्याच फटक्यात खरं सांगणार आहे. अब फ़रमाइए?" तो बसला आणि मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बरोबर. सुलोचना, तुमचा सगळा निबंध म्हणतो की छळ चालत नाही. ही तर परिणामांचीच भाषा झाली, सक्सेनांच्या घरातली. चालला असता, तर योग्य होता का?"

बावीस पानांत याचं उत्तर नव्हतं. पण कालच्या दुपारी होतं. मी म्हणाले, मॅडम, चालला. तिसऱ्या वेळेला खरं निघालं. शंभर टक्के खरं. मी बोलत राहिले. तिला मी मारलं नव्हतं. ती हसत होती. बाहेरून बघणाऱ्याला खेळ वाटला असता. पण ते हसू तिचं नव्हतं, मी तिच्याकडून हसवून घेत होते. तिचंच अंग मी तिच्याविरुद्ध फितवलं, तिच्याच तोंडाने तिचा ठेवा बाहेर आणवला, आणि वर ती मला 'सोड' म्हणून विनवत होती. माणसाला नुसतं दुखवणं वेगळं, आणि त्याला स्वतःविरुद्ध उभं करणं वेगळं. निघालेली गोष्ट खरी होती म्हणून ते कमी वाईट झालं नाही. उलट खोटं निघालं तेव्हा निदान तिचं तिच्याकडे राहिलं होतं.

सक्सेना हळूच म्हणाला, "और वो हज़ार लोग?" मॅडम त्याच्याकडे वळल्या. "तो कैदी तरीही बोलला नाही, सक्सेना साहब, पण त्याची पाच वर्षांची मुलगी शेजारच्या खोलीत आहे. तिला रडवलं तर तो बोलेल. एक मूल, हजार माणसं. हिशोब तोच." सक्सेनाचा चेहरा उतरला. "नहीं, मॅडम. बच्ची को नहीं." "का? आकडे तर तेच आहेत." मग त्याच म्हणाल्या, म्हणजे रेघ तुमचीही आहे, फक्त तुम्ही ती थोडी पुढे मारली. आणि मग माझ्याकडे: "तुम्हीही सुटल्या नाहीत. कधीच नाही म्हणायचं तर त्या हजारांच्या घरी जाऊन हे सांगायची तयारी हवी. फुकटात कोणालाच मिळत नाही." कोणीतरी विचारलं, मग खरंच तशी वेळ आली आणि एखाद्या अधिकाऱ्याने केलंच तर? त्या म्हणाल्या, कायद्याने परवानगी आधी द्यायची नाही. त्याने करावं आणि मग कोर्टात उभं राहून म्हणावं, मी हे केलं, मला शिक्षा द्या. शिक्षा कमी करणं लोकांच्या हाती आहे. पण परवाना एकदा छापला की रोज कोणाच्या तरी खिशात बॉम्ब सापडतो.

मला गुण चांगले मिळाले. घरी येऊन मी शैलूला सांगायला गेले, तर ती तोंड फिरवून म्हणाली, "मेरे नाम पे नंबर भी ले आई?" हे मात्र मला आधी सुचायला हवं होतं.

आता परिणामांचं सांगते, कारण सक्सेना असता तर त्याने तेच विचारलं असतं. परिणाम फार चांगले झाले. बाबा आठवडाभर गप्प राहिले, मग एका संध्याकाळी बाद नकाशाच्या पाठीवर शैलूच्या गाण्याच्या कॉलेजचा सायकलचा रस्ता काढून आणला, मोजमापासकट, कुठे चढ आहे तेही. बुद्धपौर्णिमेला ती गायली तेव्हा श्रीवास्तव काकू रडल्या, बाबांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली. पुढे शैलू रेडिओवर गायली, शेकडो मुलींना शिकवलं. बाबा जाताना तिचाच आवाज ऐकत गेले. ती नंतर सांगती तर फॉर्मची भीती तिला आतून खात राहिली असती, तब्येत बिघडली असती, आवाज गेला असता, कोण जाणे. कसाही हिशोब मांडा, माझ्या त्या दुपारमुळे भलंच झालं. आणि तरी त्यानंतर शैलूने मला स्वतःहून काही सांगितलं नाही. लग्न ठरलं ते मला आईकडून कळलं. गाठ निघाली, ऑपरेशन झालं, ते मला भाच्याकडून कळलं. प्रेम होतं, जाणंयेणं होतं, दर होळीला मुगवड्यांचा डबा येतो. सांगणं मात्र आटलं.

गेल्या होळीला मी तिच्याकडे वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या घरी गेले होते. दोघींचे गुडघे दुखत होते, दोघी पलंगावर पाय पसरून बसलो होतो. मी सहज तिच्या तळपायाकडे बोट केलं. साठीच्या बाईने पाय असे झटकन आखडले! दोघी हसलो. मग मी म्हटलं, शैलू, इतकी वर्षं झाली, सगळं चांगलंच झालं ना? तिने विचार केला. गाणं शिकवता शिकवता तिचं मराठी हळूहळू परतलं आहे.

"झालं ना, ताई. बहुत अच्छा हुआ," ती म्हणाली. "पण बाबांना सांगताना त्यांचा चेहरा कसा होईल, ते मी सहा महिने रोज मनात बघत होते. तो मला बघायला मिळालाच नाही. साबण लागलेला अर्धा चेहराच मिळाला."

आणि तिने पाय पुन्हा पसरले, पण माझ्यापासून जरा लांब.